‘छान प्रयत्न’ या शेऱ्याबद्दल



‘वाढीची मानसिकता’ हे शब्द आता आपल्या प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात ऐकू येतात. मुलाला ‘हुशार आहेस’ म्हणू नका, ‘मेहनत केलीस’ म्हणा, एवढं त्याचं सार आपल्या हाती पडतं आणि आपण घरी येतो. हे ज्या प्रयोगावरून आलं, तो प्रयोग नेमका काय होता ते आज बघू. आपला घोटाळा तिथंच होतो.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तो 1998 मध्ये प्रसिद्ध केला. पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची काही कोडी दिली. ती बेताचीच होती. सोडवून झाल्यावर प्रत्येकाला ‘छान जमलं’ असं सांगितलं. पुढचं वाक्य मात्र वेगवेगळं होतं. काहींना म्हटलं, ‘तू यात हुशार दिसतोस.’ काहींना, ‘तू मेहनत घेतलेली दिसते.’ उरलेल्यांना काहीच जास्तीचं नाही. मग दुसरा संच इतका अवघड दिला की सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखाच बेताचा संच. ‘हुशार’ म्हटलेल्यांचे गुण पहिल्यापेक्षा घसरले, ‘मेहनती’ म्हटलेल्यांचे वाढले. याच मालिकेतल्या एका प्रयोगात मुलांना आपले गुण अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितले, तेव्हा ‘हुशार’ गटातल्या 38 टक्क्यांनी ते फुगवून लिहिले. मेहनतीच्या गटात हे प्रमाण 13 टक्के होतं. आणि ज्यांना काहीच जास्तीचं म्हटलं नव्हतं त्यांच्यात? 14 टक्के.

हा शेवटचा आकडा प्रशिक्षणात कुणी सांगत नाही. खोटं बोलण्याच्या बाबतीत मेहनतीची स्तुती आणि गप्प राहणं यांत जवळजवळ फरक नव्हता. फरक पाडला तो ‘हुशार’ या शब्दानं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ‘मेहनत घेतलीस’ हे वाक्य त्या मुलांना उत्तरं बरोबर आल्यावर ऐकवलं होतं. आपण ते कधी म्हणतो? गणित चुकल्यावर! चुकलेल्या उत्तराखाली लाल पेनानं ‘छान प्रयत्न’ लिहितो आणि पान उलटतो. आठवी-नववीच्या मुलाला त्यातून काय कळतं, तर ‘सरांना माझ्याकडून एवढीच अपेक्षा आहे.’ खुद्द ड्वेक यांनी 2015 मध्ये जाहीर लेखात हेच बजावलं: शिकणं होत नसताना नुसत्या प्रयत्नाचं कौतुक म्हणजे माझा सिद्धांत नव्हे.

पाचवीच्या वर्गातलं रोजचंच उदाहरण घेऊ. मुलीनं लिहिलंय, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. इथं ‘छान प्रयत्न’ म्हणालो तर ती हीच रीत आणखी मन लावून वापरील, कारण मेहनत तिनं केलेलीच आहे; रीत चुकली आहे. तिला विचारायचं, ‘तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ ती बघते. दोन पंचमांश अर्ध्याहून कमी. मग अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी कसं झालं? ती कागदाची पट्टी दुमडते, सहा भाग करते. अर्धं म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून पाच षष्ठांश. आता म्हणायचं, ‘उत्तर अर्ध्याशी ताडून पाहिलंस, म्हणून चूक सापडली.’ उद्या दुसऱ्या गणितात ती काय करू शकते, ते त्या वाक्यातच आलं.

हे करायला वेळ लागतो. पन्नास वह्या तपासणाऱ्याला तो कुठून आणायचा, ही तुमची तक्रार खरी आहे आणि तिचं उत्तर स्तुतीच्या शब्दांत नाही.

शब्दांनी सगळं होतं असं मानणाऱ्यांनी पुढचे निष्कर्षही वाचावेत. अमेरिकेत सुमारे बारा हजार नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेला मोठा अभ्यास 2019 मध्ये आला. वाढीच्या मानसिकतेवरच्या, एक तासाहूनही कमी वेळाच्या ऑनलाइन पाठानंतर मागे पडलेल्या मुलांच्या श्रेणीत चार गुणांच्या मापावर सुमारे 0.1 ची भर पडली. खर्चाच्या मानानं बरी, पण थोडकीच. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन राबवलेल्या अशाच कार्यक्रमातून मुलांची जादा प्रगती दिसली नाही. तेव्हा मुलगा मागे पडला की ‘त्याची मानसिकताच नाही’ म्हणणं सोडा. ज्याला वाचताच येत नाही त्याला आधी वाचायला शिकवावं लागतं. आणि ‘मानसिकता नाही’ हा ‘ढ आहे’चाच नवा अवतार आहे.

आता माझं मागणं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदी आपल्यापैकी अनेक जण तयार याद्यांवरून उतरवतात, हे या सभागृहात कुणालाच नवं नाही. येत्या सत्रात प्रत्येक मुलाची निदान एक नोंद अशी लिहा, की ती शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या नावापुढे टाकता येणार नाही. आणि चुकलेल्या गणिताखाली ‘छान प्रयत्न’ऐवजी एक प्रश्न लिहा.