चकतीची धार



नळीतून दर सेकंदाला किती पाणी जातं, हे नळी न फोडता मोजायची जुनी आणि भरवशाची रीत म्हणजे ओरिफिस प्लेट. दोन फ्लँजांच्या मध्ये मधोमध भोक असलेली स्टीलची पातळ चकती बसवायची. अरुंद भोकातून जाताना पाण्याला वेग घ्यावा लागतो आणि तो वेग दाबाच्या बदल्यातच मिळतो. म्हणून चकतीच्या अलीकडे दाब जास्त, पलीकडे कमी. हा फरक मोजला की प्रवाह कळतो.

समजा, नळी आतून 100 मिलिमीटरची आहे, भोक 50 मिलिमीटरचं आणि दाबातला फरक 25 किलोपास्कल, म्हणजे अडीच मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा. नुसत्या सूत्राने उत्तर येतं सेकंदाला चौदा लिटरच्या वर. प्रत्यक्षात जातं सुमारे पावणेनऊ लिटर. याचं कारण असं, की कडेकडून आत वळलेलं पाणी भोक ओलांडल्यावरही आकसत राहतं, आणि धार भोकापेक्षा बारीक होते. त्यासाठी उत्तराला सुमारे 0.6 ने गुणावं लागतं.

दुसरी गोष्ट वर्गमुळाची. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. प्रवाह निम्मा झाला की फरक चौथाई होतो. दहावा हिस्सा झाला की अडीच मीटरचे उरतात अडीच सेंटिमीटर. तिथे दाबाच्या बारीक नळीत अडकलेला हवेचा एक बुडबुडाही आकडा बिघडवतो. म्हणून पूर्ण क्षमतेच्या चौथ्या हिश्शाखाली या मापावर मी विसंबणार नाही.

पण सगळ्यात जपायची ती भोकाची धार. तो 0.6 चा आकडा धारदार कडेसाठीच खरा आहे. कड झिजून गोल झाली की पाणी सहज वळतं, कमी आकसतं. तेवढ्याच प्रवाहाला दाबफरक कमी पडतो आणि मीटर कमी दाखवतो. चकतीची एक बाजू उतरती घासलेली असते, ती पाणी जिकडे जातं तिकडे हवी. उलटी बसली तर मीटर दहा-वीस टक्क्यांनी कमी दाखवू शकतो, आणि काटा मात्र अगदी स्थिर असतो. पंप तोच, व्हॉल्व्ह तेवढाच उघडा, तरी देखभालीनंतर आकडा घसरला, तर आधी चकतीवर संशय घ्या. मोजलेल्या टाकीत पाणी सोडून, घड्याळ लावून ताडून पाहा.

चकती बाहेर काढाल तेव्हा कड उजेडात तिरकी धरा. धारदार कड उजेड परतवत नाही. चकाकती रेघ दिसली तर कड झिजली आहे, चकती बदला. आणि पुन्हा बसवताना चकतीच्या दांड्यावर कोरलेली अक्षरं पाणी येतं त्या बाजूला आहेत ना, हे बोल्ट आवळायच्या आधी बघा.