रखडलेल्या कामांच्या चिठ्ठ्या

आम्ही एका गावाच्या ग्रामसंघातल्या बाया. आमच्याकडे नऊ गट आहेत, आणि दर महिन्याला ग्रामसंघाची सभा होते. सभा सुरू झाली की आमच्या सचिव ताई मागच्या सभेचं इतिवृत्त वाचतात. ते ऐकताना आम्हाला एक वाक्य पाठच होऊन गेलं होतं: ‘सदर विषयावर पुढील सभेत चर्चा करण्याचे ठरले.’ पुढच्या सभेत तोच विषय आणि तेच वाक्य. कुणी हसायचं, कुणी मान खाली घालायचं. आज बोलायचं आहे ते या पडून राहिलेल्या कामांबद्दल. ती कशी उपसली, कुठली बंद केली, कुठली पुन्हा उठवली, आणि आमचं चुकलं कुठे, ते सांगतो.

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा वहीतून राहिलेली कामं वाचून काढली आणि प्रत्येक कामापुढे ‘तातडीने करावे’ असं लिहिलं. सगळ्या खूश होऊन घरी गेल्या. दोन महिन्यांनी पाहिलं तर एकही काम हललं नव्हतं, फक्त तारखा नव्या झाल्या होत्या. सगळंच तातडीचं म्हटल्यावर हात लावायचा कशाला पहिला, हेच कुणाला कळेना.

दिवाळीनंतर पुन्हा बसलो तेव्हा रीत बदलली. महिन्याच्या सभेत हे काम घेतलं नाही, कारण तिथे हप्ते आणि कर्जाचे अर्ज असतात, वेळ उरत नाही. वेगळी दुपार ठरवली, समाजमंदिरात सतरंजी टाकली, आणि जुन्या वहीचे कोरे कागद कापून चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच काम. काम काय, ते कधी ठरलं, कुणाच्या नावावर आहे, आणि शेवटचं ते कधी हललं, एवढं लिहायचं. शेवटच्या गोष्टीवरच सगळा खेळ आहे. काम वर्षभरापूर्वी ठरलेलं असलं तरी गेल्या आठवड्यात त्याचा कागद पुढे सरकला असेल, तर ते चालू आहे. दोन महिन्यांपूर्वीच ठरलं आणि तेव्हापासून कुणी हात लावला नाही, तर ते पडलेलं आहे.

‘हललं’ म्हणजे काय, यावर बरीच बाचाबाची झाली. एक काकू म्हणाल्या, “मी फोन केला होता की.” फोनवर काय ठरलं विचारलं, तर “बघतो म्हणाले.” मग आम्ही ठरवलं की कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला, पैसे भरले, पावती मिळाली किंवा कुणी नक्की हो-नाही सांगितलं, तरच काम हललं म्हणायचं. ‘बघतो’ धरायचं नाही. हा नियम नसता तर निम्म्या चिठ्ठ्या चालू दिसल्या असत्या.

चिठ्ठ्या झाल्या 37. सहा आठवड्यांत ज्या हलल्या होत्या अशा 11 निघाल्या, त्यांना हातही लावला नाही. उरल्या 26. सहा आठवडेच का? कारण तेवढ्यात आमची निदान एक सभा होऊन जाते, म्हणजे त्या बाईला सांगायची संधी मिळालेली असते. पण पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हा हिशेब लावू नका. आषाढात कुणाचं काम हललं नाही म्हणून ती आळशी ठरत नाही. म्हणून आम्ही चिठ्ठ्या काढतो त्या पेरणीच्या आधी आणि दिवाळीनंतर, मध्ये एकदा संक्रांतीला.

त्या 26 पैकी सात कामं तर झालेलीच होती! कुणी करून मोकळी झाली होती, पण वहीत लिहायचं राहिलं होतं. आठवंही आम्ही त्यातच धरणार होतो. एका गटाच्या खात्यावरच्या सह्या बदलायचं काम. गटाच्या अध्यक्ष बदलल्या, ठराव झाला, कागद बँकेत दिले, म्हणजे झालं असं सगळ्यांना वाटत होतं. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, “पोच दाखवा.” पोच नव्हती. दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो तर खात्यावर अजून जुन्याच अध्यक्षांची सही चालू होती, आणि त्या तर लेकीकडे पुण्याला राहायला गेलेल्या. म्हणजे गटाचे पैसे खात्यात दिसत होते, पण ऐन गरजेला कुणाला कर्ज द्यायचं ठरलं असतं तर काढता आले नसते. तेव्हापासून ‘झालं’ या शब्दावर आम्ही चिठ्ठी बंद करत नाही. पावती, पासबुक किंवा प्रत्यक्ष वस्तू बघतो.

हे काम इतके दिवस का पडलं, तेही सांगतो. वहीत लिहिलं होतं ‘बँकेचे काम करणे’. असलं वाक्य वाचून कुणालाही उठावंसं वाटत नाही, कारण सुरुवात कुठून करायची ते त्यात नाही. आम्ही त्याचे तुकडे केले. ठरावाची प्रत काढून गटाचा शिक्का मारायचा, हे सचिवांनी मंगळवारी. नव्या अध्यक्षांचं आधार, पॅन आणि फोटो, हे त्यांनी स्वतः त्याच आठवड्यात. मग बँकेचा अर्ज भरून दोघींनी मिळून द्यायचा आणि आपल्याकडच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेऊनच उठायचं. चिठ्ठीवर मात्र यातला फक्त पहिला तुकडा लिहिला. तो झाला की खोडायचा आणि पुढचा लिहायचा. तीन आठवड्यांत सह्या बदलल्या.

आता बंद करण्याबद्दल. 26 मधली दहा कामं आम्ही बंद केली, आणि खरं सांगायचं तर हेच सगळ्यात जड गेलं. पापडाच्या यंत्राचंच घ्या. एका वहिनींनी पुढाकार घेतला होता, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पुढे कळलं की ते मोठं यंत्र चालायला थ्री फेज वीज लागते, आणि त्यांच्या वस्तीवर ती नाही. काम तिथेच थांबलं. पण दर सभेत कुणीतरी विचारायचं, “यंत्राचं काय झालं गं?” शेवटी वहिनी सभेलाच येईनाशा झाल्या. आम्हाला वाटायचं त्यांच्या घरचं काही असेल. चिठ्ठी समोर आली तेव्हा उलगडा झाला. आम्ही वहीत लिहिलं: ‘थ्री फेज जोडणी नसल्याने बंद. जोडणी आल्यास पुन्हा घ्यावे,’ आणि तारीख टाकली. मग दोघी जाऊन त्यांना सांगून आल्या. पुढच्या सभेला त्या आल्या.

बंद करताना जुनी ओळ गिरवून काळी करू नका. एकच सरळ रेघ मारा, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी कारण लिहा. ‘शक्य नाही’ हे कारण नव्हे. काय नव्हतं म्हणून शक्य झालं नाही ते लिहिलं, तर उद्या ते आल्यावर कुणीही चिठ्ठी उघडू शकते. आणि ज्या बाईनं काम मांडलं होतं, तिला सांगितल्याशिवाय बंद करायचं नाही.

या शेवटच्या नियमानं आम्हाला एका मोठ्या चुकीपासून वाचवलं. एक चिठ्ठी होती संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाची. आमच्या एका विधवा मैत्रिणीचा अर्ज, चार महिने काही हालचाल नाही. संध्याकाळ होत आली होती, सगळ्या कंटाळल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, “उत्तर नाही आलं, करा बंद.” रेघ मारायच्या आधी तिला विचारायला माणूस पाठवलं. ती म्हणाली, “ग्रामसंघ बघतोय ना?” आणि आम्ही समजत होतो की ती बघतेय! चौकशी केली तर अर्ज त्रुटीसाठी परत आलेला होता, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली म्हणून. तो निरोप कुणापर्यंत पोचलाच नव्हता. नवा दाखला काढून अर्ज पुन्हा दिला, पण मधले चार महिने तिला कोरडे गेले ते गेलेच. यात दोष आमचा. चिठ्ठीवर नावाच्या जागी ‘ग्रामसंघ’ लिहिलं होतं. आता तिथे एका बाईचं नाव लागतं. आणि ज्यात कुणाचा हक्क किंवा कुणाचे पैसे अडकलेत, ते काम आपण थकलो म्हणून बंद होत नाही. ते उठवायचंच.

तीन कामं अशी होती की चेंडू आपल्या हातात नव्हता, कार्यालयाकडून उत्तर यायचं होतं. ती ना बंद करता येत, ना पुढे नेता येत. तिथे चिठ्ठीवर पुन्हा विचारायची तारीख आणि विचारणारीचं नाव लिहितो. दाखल्यासारख्या ज्या सेवा लोकसेवा हक्क कायद्यात येतात, त्यांच्या अर्जाची पोच जपा. महाराष्ट्रात हा कायदा 2015 पासून आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज नाकारला, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. म्हणून आम्ही पोचपावतीवरची मुदत चिठ्ठीवर उतरवतो. अशी चिठ्ठी दोन-तीन महिने डब्यात पडली, तर अपिलाचे दिवसही तिच्याबरोबर निघून जातात.

राहिली सहा. ती उठवली, त्यात सह्यांचं आणि निराधार योजनेचं काम आलंच. एकीच्या नावावर दोनपेक्षा जास्त चिठ्ठ्या द्यायच्या नाहीत असं ठरवलं होतं. त्यामुळे एक चिठ्ठी कुणीच घ्यायला तयार होईना: शाळेच्या रस्त्यावरच्या दिव्याची. आम्ही वाट पाहिली. कुणी हात वर केला नाही, तर ते काम आत्ता आमच्याच्यानं होणार नाही हे मान्य करायचं, असं ठरलेलं होतं. शेवटी ज्यांची नात त्या रस्त्यानं शिकवणीहून परत येते, त्या आजींनी हात वर केला. अर्ज लिहिता येत नाही म्हणाल्या. लिहून सचिव ताईंनी दिला, पंचायतीत नेऊन पोच घेऊन आल्या आजीच.

बंद झालेल्या चिठ्ठ्या आम्ही दोऱ्यात ओवून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. चालू चिठ्ठ्या वहीच्या पुठ्ठ्याला टाचणीनं लावल्या आहेत. संक्रांतीला पुन्हा बसलो तेव्हा पडलेल्या फक्त पाच निघाल्या आणि तासाभरात उठलो. पापडाच्या यंत्राची चिठ्ठी अजून डब्यात आहे. वस्तीवर नवे खांब टाकताहेत असं वहिनी परवा सांगत होत्या.