शंभर मीटरवरून दिसणारी जाहिरात



ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्या गावात होर्डिंगच्या व्यवसायातल्या माणसांसमोर अध्यक्ष म्हणून उभं राहण्याचा मान मी कृतज्ञतेने स्वीकारतो. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला काय दिसेल याचा विचार करूनच पडदा रंगवावा लागे. आपण पार्टीला मंजुरीसाठी जो मॉकअप दाखवतो, त्यात हा शेवटच्या रांगेतला प्रेक्षक बहुतेकदा नसतो. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

आपला नेहमीचा मॉकअप कसा असतो? स्वच्छ निळं आभाळ, मोकळा रस्ता आणि अर्धा फोटो व्यापणारं होर्डिंग. पार्टी खूश होते, सही करते. फ्लेक्स चढतो आणि चार दिवसांनी फोन येतो, ‘नंबर वाचताच येत नाही.’ डिझाइन तेच असतं, छपाईही चोख असते. चुकलेलं असतं ते अंतर.

एक उदाहरण घेऊ. पुण्याकडून येताना तावडे हॉटेलच्या अलीकडे ४० बाय २० फुटांचं होर्डिंग आहे आणि एका सराफाला तिथे जाहिरात करायची आहे, असं समजा. होर्डिंगपासून १०० मीटर अलीकडे, सर्व्हिस रोडच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहा. मोबाईल गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण चार फुटांवर धरा. झूम न करता मुख्य कॅमेऱ्याने आडवा फोटो काढा. बहुतेक मोबाईलचा हा कॅमेरा २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं दृश्य टिपतो. तो फोटो, रुंदीत न कापता, ए-थ्री कागदावर ४० सेंटिमीटर रुंद छापा आणि कागद डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरा. आता रस्त्यावर होर्डिंग डोळ्यांना जेवढं दिसतं, तेवढंच कागदावर दिसेल. समोर तोंड असलेल्या ४० फुटी होर्डिंगची रुंदी कागदावर पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास भरते.

त्यावर सराफाचं डिझाइन बसवलं की ९ इंच उंचीचा फोन नंबर पाऊण मिलिमीटरचाही राहत नाही. तोच नंबर ३० इंचांचा केला तर सव्वादोन मिलिमीटरचा होतो आणि वाचता येतो. दहा फुटांना एक इंच हा आपल्या व्यवसायातला जुना हिशेब इथेही जवळपास लागू पडतो. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी हे १०० मीटर साडेचार सेकंदांत संपवते. मग पत्ता, तीन शाखा आणि पाच दागिने यांतलं काय काढायचं, ते कागद हातात घेऊन सराफ स्वतःच सांगतो. हाच मॉकअप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर मोबाईलच्या पडद्यावर होर्डिंग खऱ्यापेक्षा बरंच लहान दिसतं. म्हणून मंजुरी कागदावरच घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडं सांगतो. डिझाइन आधी नेमक्या मापाचं, इथे दोनास एक, करून Smart Object मध्ये घ्या आणि Distort ने चारही कोपरे फ्लेक्सच्या कडेवर आणा, लोखंडी चौकटीच्या कडेवर नव्हे. होर्डिंग तिरकं असलं की माप चुकल्याचं डोळ्यांना कळत नाही. ३० बाय २० च्या चौकटीत ४० बाय २० चं डिझाइन दाबून बसवलं तरी चित्र खरंच वाटतं. फसगत उघडी पडते ती छापताना. म्हणून माप होर्डिंगवाल्याकडून लेखी घ्या.

पांढऱ्या रंगाकडेही लक्ष द्या. ढगाळ दुपारच्या फोटोत रस्त्यावरचा पांढरा पट्टाही राखाडीकडे झुकलेला असतो. त्याच फोटोत आपला फ्लेक्स शुभ्र पांढरा दिसला, तर तो चिकटवल्यासारखा वाटतो. आसपासच्या पांढऱ्याशी तो जुळवा आणि मूळ होर्डिंगवरची सावली Multiply ने परत आणा. पुढे आलेली फांदी आणि विजेच्या तारा मास्क करून डिझाइनच्या वर ठेवा. फांदी पुसून टाकली की मॉकअप सुंदर होतो, पण पावसाळ्यात तीच फांदी वाढून दुकानाचं नाव झाकणार असते. ते पार्टीला सहीच्या आधी दिसलं पाहिजे.

चौकट कधीही खऱ्यापेक्षा मोठी दाखवू नका. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची होती आणि १७ माणसं गेली. चित्रात वाढवलेली चौकट पार्टीच्या मनात मागणी होऊन बसते.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. यापुढे प्रत्येक मॉकअपच्या खाली जागा, वाहतुकीची दिशा, होर्डिंगचं माप आणि फोटो किती मीटरवरून काढला तो आकडा लिहा, आणि पार्टीची सही त्या आकड्याच्या शेजारी घ्या.