दुरुस्तीपूर्वीचे पत्र
समजा, खानापूरच्या एका गृहस्थांची साडेतीन वर्षांची लहान मोटार झाडावर आदळली. विमा कंपनीच्या यादीतील गॅरेज दूर बेळगावात. म्हणून गावातील मिस्त्रीकडे दुरुस्ती करण्यास त्यांनी पूर्वसंमती मागितली. पत्रात पॉलिसी क्रमांक, अपघाताची तारीख व गाडी उभी असलेली जागा लिहून त्यांनी कळविले की, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत एकही बोल्ट सैल केला जाणार नाही. सोबतच्या छायाचित्रांत मोडका भाग आणि नंबरप्लेट एकत्र दिसत होती. नुसता चेपलेला पत्रा कोणत्याही गाडीचा असू शकतो!

अंदाजपत्रकात प्लॅस्टिकचा बंपर ६,०००, पत्र्याचे बॉनेट ८,००० आणि मजुरी ४,००० रुपये अशी फोड होती. ती हवीच; कारण साध्या पॉलिसीत घसारा वस्तूगणिक निराळा असतो. प्लॅस्टिकचा निम्मा, या वयाच्या गाडीच्या पत्र्याचा चौथा हिस्सा जातो. मजुरीला घसारा नाही. शिवाय १,००० रुपयांची सक्तीची वजावट. रंग व कर सोडल्यास १८,०००पैकी १२,००० रुपये मिळतील, तेही मिस्त्रीचे बिल आधी स्वतः चुकते केल्यावर.

बॉनेट उघडल्यावर आतली मोड आढळली, तर काम थांबवून पुरवणी अंदाजपत्रक धाडावे लागते.