पोट साफ होण्याची गोळी, दर आठवड्याला?

सांगली-साताऱ्यातल्या मेडिकलमध्ये हा संवाद व्हायला हवा. दर आठवड्याला पोट साफ होण्याची गोळी नेणाऱ्याला फार्मासिस्टने हळूच विचारावं… “काका, दुसरी कुठली औषधं चालू आहेत?” कारण लोहाच्या गोळ्यांनी शौचाला घट्ट होतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही होतं. थायरॉइड मंदावलं तरी होतं. गोळीने पोट साफ होतं… मूळ कारण तसंच राहतं.

“पण मी आयुर्वेदिक चूर्णच घेतो!”

काका, बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. तीही आतड्याला जोर लावायला भाग पाडते. अती झाल्यास जुलाबावाटे पोटॅशियम जातं… अंगातलं त्राण जातं, पायात गोळे येतात. म्हणून आधी कारण शोधू. शौचातून रक्त, घटतं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय… यातलं काहीही असेल, तर उद्यावर ढकलू नका. सगळ्या औषधांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा.