खारट म्हणून परत आलेली बाटली

आम्ही सिंधुदुर्गातल्या एका बचत गटातल्या नऊ जणी. आज तुम्हाला आमच्या कोकम आगळाची गोष्ट सांगायला बसलो आहोत. आगळ करायचं कसं, हे तुमच्यातल्या पुष्कळ जणींना आमच्यापेक्षा चांगलं येत असेल. ते आम्ही सांगत नाही. ऑनलाइन बाजारात ते विकताना गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून काय लिहायचं, आणि गिऱ्हाइकाकडे अभिप्राय कसा मागायचा, एवढंच बोलणार आहोत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आम्ही रातांबे फोडले, मिठात घातले, रस गाळून बाटल्या भरल्या. जुलैत माल ऑनलाइन ठेवला. दिवाळीपर्यंत 64 बाटल्या गेल्या आणि 11 जणांनी अभिप्राय लिहिले. त्यातल्या चौघांनी पाचपैकी पाच तारे दिले होते, तर सात जणांनी एक किंवा दोन. पानावर सरासरी अडीचच्या आसपास दिसत होती. खोलीत अजून 140 बाटल्या होत्या आणि त्यात नऊ घरांचे पैसे अडकले होते.

पहिल्या बैठकीत ज्या तीन युक्त्या निघाल्या, त्या आधी सांगतो, कारण तुमच्याही बैठकीत त्याच निघतील. एक वहिनी म्हणाल्या, "माझी भावजय पुण्यात आहे, नणंद मुंबईत आहे. त्यांना बाटली मागवायला सांगू आणि चांगलं लिहायला सांगू." दुसरी म्हणाली, "बाटलीबरोबर चिठ्ठी घालू, पाच तारे द्या आणि 50 रुपये परत घ्या." तिसरीने सुचवलं, "पत्त्याच्या चिठ्ठीवर काहींचे फोन नंबर असतात. त्यांना फोन करून विनंती करू."

चिठ्ठीचा मजकूर छापायला जाणारच होता. पण गटातल्या एकीची मुलगी आमचं विक्रेत्याचं खातं सांभाळते, तिने बाजाराचे नियम वाचून दाखवले. घरच्या माणसांकडून अभिप्राय लिहून घ्यायचा नाही. पैसे, सूट किंवा भेटवस्तू देऊन अभिप्राय मागायचा नाही. फक्त चांगलाच लिहा असं म्हणायचं नाही. लिहिलेला बदला किंवा काढा असंही म्हणायचं नाही. नंबर मिळाला तर तो माल पोचवण्यापुरता वापरायचा. हे मोडलं तर वस्तूचं पान किंवा अख्खं खातंही बंद होऊ शकतं. शिवाय 2020 सालचे ई-कॉमर्सचे सरकारी नियम आहेत. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहू नये आणि मालाच्या गुणांविषयी खोटं चित्र उभं करू नये, असं त्यात स्पष्ट आहे. तेव्हा तिन्ही युक्त्या तिथेच संपल्या.

मग आमच्या थोरल्या काकी म्हणाल्या, "अगो, पण ती सात माणसं रागावली कशाला, ते कोणी वाचलं काय?" खरं सांगायचं तर आम्ही फक्त तारे मोजले होते, शब्द वाचलेच नव्हते.

मुलीने सातही अभिप्राय मोठ्याने वाचले. चौघांनी लिहिलं होतं, खारट आहे, खराब माल पाठवला. एकाने लिहिलं होतं, सरबत म्हणून घेतलं पण गोड नाही. एकाने बाटलीच्या तळाशी गाळ बसल्याची तक्रार केली होती. आणि एकाची बाटली वाटेत गळली होती.

आम्ही वहीत दोन रकाने पाडले. एका रकान्यात मालातला दोष आणि दुसऱ्यात मालाचा गुण, पण गिऱ्हाइकाला ठाऊक नसलेला. गळलेली बाटली हा दोष. बाकीच्या सहा तक्रारी दुसऱ्या रकान्यात गेल्या. आगळ खारटच असतं, कारण मिठावरच ते टिकतं. त्यात साखर नसते. थोडा गाळ तळाशी बसतोच. म्हणजे त्या सहा जणांनी आमच्या मालाचं अगदी बरोबर वर्णन केलं होतं, फक्त ते त्यांना बाटली उघडल्यावर कळलं. पाच तारे देणारे चौघे कोण होते? कोणी सोलकढीचं लिहिलं होतं, कोणी आजोळच्या चवीचं. ती आगळ ओळखणारी माणसं होती. बाटली दोघांनाही सारखीच गेली होती. फरक होता तो आधी काय ठाऊक होतं त्याचा.

तुम्हीही हे रकाने पाडून बघा. तक्रार वाचून मनात "असंच तर असतं ते" असं आलं, तर चूक बहुधा पानावरच्या शब्दांत असते. "अरे, असं व्हायला नको होतं" असं आलं, तर चूक मालात किंवा बांधणीत असते. ती शब्दांनी झाकायची नाही, दुरुस्त करायची. आम्ही झाकणाच्या आत बसणारं बूच आणलं. आता प्रत्येक बाटली पाठवण्याआधी रात्रभर कागदावर उलटी ठेवतो. सकाळी कागदावर डाग दिसला तर ती बाटली घरात वापरायची.

आता आमच्या पानावर काय लिहिलं होतं ते ऐका. शीर्षक होतं, "शुद्ध कोकम रस, ताजा, आरोग्यदायी, सरबतासाठी उत्तम". फोटोत बर्फ घातलेला गुलाबी सरबताचा पेला. खाली एक ओळ, पित्तावर रामबाण. यात मीठ हा शब्द कुठेच नव्हता. इंदूरच्या किंवा दिल्लीच्या बाईने हे वाचून बाटली उघडली आणि रस थेट पेल्यात ओतला, तर तिचं काय चुकलं? रस म्हटल्यावर माणूस तो पिणारच.

नवं शीर्षक असं केलं: "कोकम आगळ, मीठ घातलेलं, साखर नाही, पाणी घालून वापरा, सोलकढी व सरबतासाठी, 700 मिली". पानावर ते इंग्रजीत आणि हिंदीत आहे, अर्थ हाच. क्रम मात्र मुद्दाम ठेवला आहे. मोबाईलवर शीर्षकाचे सुरुवातीचे शब्दच दिसतात, म्हणून ज्या गोष्टीने माणूस दचकतो ती सगळ्यात आधी आली पाहिजे. मीठ खालच्या परिच्छेदात लिहिलं असतं, तर ते न लिहिल्यासारखंच झालं असतं.

पहिला फोटो आता नुसत्या बाटलीचा आहे. दुसऱ्या फोटोत चमचा, पाण्याचा पेला आणि साखरेची वाटी आहे. खाली लिहिलं आहे, एका पेल्याला दोन मोठे चमचे आगळ, साखर आपल्या चवीने, वरून मीठ घालू नये. गाळाबद्दल एक ओळ आहे, तळाशी बसतो तो कोकमाचाच अंश, बाटली हलवून घ्या. गोड, तयार सरबत हवं असेल तर अमृत कोकम बघा, आगळ घेऊ नका, असंही लिहिलं. ही ओळ लिहिताना आमच्यात वाद झाला. आपणच गिऱ्हाइकाला परत पाठवायचं? पण जे गिऱ्हाईक बाटली उघडून पस्तावणार, ते आधीच गेलेलं बरं, यावर शेवटी सगळ्या राजी झाल्या. पित्ताची ओळही काढून टाकली. आम्ही औषध विकत नाही.

आता अभिप्राय मागण्याचं सांगतो. अॅमेझॉनवर विक्रेत्याच्या खात्यात प्रत्येक ऑर्डरच्या तपशिलात Request a Review असं बटण असतं. ते दाबलं की गिऱ्हाइकाला बाजाराकडूनच ठरावीक मजकुराचा संदेश जातो. त्यातला शब्दही आपल्याला बदलता येत नाही. वस्तू पोचल्यावर पाचव्या दिवसापासून तिसाव्या दिवसापर्यंतच ते चालतं, आणि एका ऑर्डरला एकदाच. दुसऱ्या बाजारात माल असेल तर तिथली रीत तिथल्या नियमांत बघा.

आम्ही दहाव्या-बाराव्या दिवशी दाबतो. पाचव्या दिवशी बाटली बहुधा फडताळातच असते. न चाखता लिहिलेल्या अभिप्रायाचा कोणालाच उपयोग नाही.

इथे पुन्हा एक प्रश्न आला. ज्या बाईने तक्रार केली आहे, तिच्या ऑर्डरवरही बटण दाबायचं का? वहिनी म्हणाल्या, "आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा!" पण खूश दिसणाऱ्यांनाच विचारायचं आणि नाराजांना गाळायचं, हेही नियमात बसत नाही. म्हणून आम्ही असं ठरवलं. तक्रार आली तर ऑर्डरच्या संदेशपेटीतूनच उत्तर द्यायचं. बाटली गळली असेल तर दुसरी पाठवायची किंवा पैसे परत करायचे, आणि त्यात अभिप्रायाचा शब्दही काढायचा नाही. मग तीस दिवसांच्या आत, बाकीच्यांसारखंच, तिच्याही ऑर्डरवर बटण दाबायचं. काय लिहायचं ते तिने ठरवावं.

खोक्यात चिठ्ठी आम्ही घालतो, पण वेगळी. वरच्या भागात वापरायची रीत. खाली एकच वाक्य: "आपला अनुभव बरा असो वा वाईट, जसा आला तसा पानावर लिहा." पाच ताऱ्यांचं चित्र नाही, सूट नाही, आमचा फोन नंबरही नाही.

आता पुढे काय झालं ते. पान बदलल्यावर पहिल्या महिन्यात विक्री वीस बाटल्यांवरून अकरावर आली. त्या महिन्यात घरी आम्हाला बोलणीही खावी लागली. खारट म्हणून तक्रार मात्र एकही आली नाही, पैसे परत द्यावे लागले नाहीत. नंतर हळूहळू मागणी वाढली. पुढच्या साठ ऑर्डरींना साठ वेळा बटण दाबलं आणि पाच अभिप्राय आले. तिघांनी पाच तारे दिले, एकाने चार, एकाने तीन. जुने सात अभिप्राय अजून पानावर आहेत, ते कुठे जात नाहीत. त्यामुळे सरासरी आता तीनच्या थोडी वर आहे. झटपट वर नेण्याचा सरळ रस्ता आम्हाला तरी सापडलेला नाही.

तीन तारे देणाऱ्या बाईने लिहिलं आहे, "माझ्यासाठी जरा खारट आहे, पण पानावर आधीच लिहिलं होतं, म्हणून तक्रार नाही." काकींनी तो अभिप्राय आमच्याकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाल्या, "ह्या बायने आपला पान वाचल्यान."

त्या 140 पैकी शेवटची बाटली मे महिन्यात गेली, नवे रातांबे यायच्या वेळेला. तुमच्या गटाचं पापड, लोणचं, गोधडी, काहीही ऑनलाइन असेल, तर आज रात्री सगळ्यात वाईट अभिप्राय उघडा आणि तारे न बघता शब्द वाचा. मग पानावरचं पहिलं वाक्य वाचा. त्या माणसाला जे बाटली उघडल्यावर कळलं, ते त्या वाक्यात आहे का, एवढंच तपासा. येतो आम्ही. नमस्कार.