शॉर्टलिस्ट झालं, पण कॉल आला नाही

शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं म्हणजे मुलाखत ठरली असं नव्हे. आलेल्या अर्जांतून काही बाजूला काढले गेले, एवढाच त्याचा अर्थ. पुढे मुलाखत घेणाऱ्यांची वेळ जुळावी लागते आणि पदाची मंजुरीही टिकावी लागते. खाजगी कंपनीत आणखी एक गोष्ट नेहमी घडते. आधी निवडलेला उमेदवार जुन्या नोकरीतला दोन-तीन महिन्यांचा नोटीस पिरियड संपवून रुजू होईपर्यंत बाकीची नावं राखून ठेवली जातात, आणि तसं त्यांना कोणी कळवत नाही. कळवणं अवघड नसतं. दोन ओळींच्या मेलने कुणाचा महिना वाचतो.

समजा, मांजरी बुद्रुकमधल्या एका मायक्रोबायॉलॉजीच्या पदवीधर मुलीला हडपसर भागातल्या औषध कंपनीकडून ३ तारखेला मेल आला: क्वालिटी कंट्रोलच्या पदासाठी आपलं नाव शॉर्टलिस्ट झालं आहे, आठवड्याभरात मुलाखतीसाठी फोन येईल. २३ तारीख उजाडली तरी फोन नाही. अशा वेळी आधी स्वतःची बाजू तपासावी. मेलचा स्पॅम फोल्डर, नोकरीच्या पोर्टलवरचे मेसेज, मोबाइलमध्ये आपोआप ब्लॉक झालेले नंबर पाहावेत. पाठवलेला बायोडेटा पुन्हा उघडून त्यातला फोन नंबर एकेक आकडा करून वाचावा. अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला असेल, तर कंपनीला विचारून उपयोग नाही. कंपनी पुन्हा कन्सल्टंटकडेच पाठवते.

इथे सगळं ठीक निघालं, तर ३ तारखेच्या त्याच मेलला उत्तर द्यावं. नवा मेल पाठवला की एचआरला जुनी नोंद शोधावी लागते आणि काम मागे पडतं. मजकूर पाच ओळींच्या वर नको: “मॅडम, नमस्कार. क्वालिटी कंट्रोलच्या पदासाठी माझं नाव शॉर्टलिस्ट झाल्याचं आपण ३ तारखेला कळवलं होतं. मुलाखतीची तारीख ठरली आहे का, की हे पद सध्या होल्डवर आहे? माझ्याकडून एखादं कागदपत्र राहिलं असेल तर लगेच पाठवते. मी सूचना मिळाल्यावर दोन दिवसांत हजर राहू शकते.” खाली पूर्ण नाव, अर्ज क्रमांक आणि फोन नंबर.

या मेलचा जोर त्यातल्या प्रश्नावर आहे. “माझं काय झालं?” याला उत्तर द्यायचं तर एचआरला अडचणीचं काही लिहावं लागतं, म्हणून तो मेल तसाच पडून राहतो. “तारीख ठरली की होल्डवर?” याला एका शब्दात उत्तर देता येतं. तीन-चार कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर सकाळी अकराच्या पुढे एकदा फोन करून हाच प्रश्न विचारावा. थेट गेटवर जाऊन फारसं साधत नाही, कारण आतून भेटीची वेळ मिळाल्याशिवाय सिक्युरिटी पास देत नाही.

उत्तराचा अर्थही नीट लावावा. “पॅनेल पुढच्या आठवड्यात बसेल” असं कळलं, तर आशेला जागा आहे. तो आठवडा उलटल्यावर पुन्हा विचारणं रास्तच. “होल्डवर आहे” म्हटलं, तर महिन्याने एकदा विचारावं. “आम्ही कळवू” एवढंच दुसऱ्यांदा ऐकू आलं, तर तिथे थांबावं. दुसरीकडचे अर्ज मात्र पहिल्या दिवसापासून चालूच असावेत. मध्येच कुणी मुलाखतीसाठी पैसे भरायला सांगितले, तर तो कॉल कंपनीचा नाही असंच धरावं.

सरकारी संस्थेत उमेदवाराच्या हाती एक जास्तीचा मार्ग असतो. मांजरीतच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं, १९९७ साली सुरू झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. अशा संस्थांमधली प्रकल्पावरची तात्पुरती पदं प्रकल्पाच्या निधीवर आणि मुदतीवर अवलंबून असतात, आणि तारखेतला बदल बहुधा संस्थेच्या वेबसाइटवरच लावला जातो. म्हणून आधी मूळ जाहिरात आणि वेबसाइट पाहावी, मग जाहिरात क्रमांक घालून आस्थापना विभागाला लेखी विचारावं.

तिथूनही उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. केंद्रीय संस्थांसाठी अर्ज rtionline.gov.in वर करता येतो, शुल्क १० रुपये. इथे “मला का बोलावलं नाही?” असं विचारून चालत नाही, कारण कायद्याने मिळते ती दफ्तरात नोंदलेली माहिती, नवं स्पष्टीकरण लिहून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. त्याऐवजी शॉर्टलिस्ट मंजूर झाल्याच्या टिपणीची प्रत, मुलाखतीची ठरलेली तारीख आणि ती पुढे ढकलली किंवा रद्द केली असल्यास त्या आदेशाची प्रत मागावी. ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. नाही मिळाली, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच संस्थेतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. या मार्गाने मुलाखत मिळेलच असं नाही, पण पद रद्द झालं की निवड उरकून गेली, हे कागदावर कळतं.